दहा माणसांची प्रार्थना

वडील गेल्यावर त्यांच्यासाठी बसायचा हक्क आपल्याला आहे का, असा प्रश्न कुणाला पडत असेल असं वाटत नाही. मला तो पडला. तोही त्यांची माती होऊन तास झाला नसेल तेव्हा, त्यांच्याच खोलीच्या उंबऱ्यावर उभी असताना. त्या वेळी परमेश्वरावर माझा विश्वास होता की नव्हता, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. असलाच तर त्याच्याशी बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. पुढच्या सात दिवसांत जे घडलं ते मी जसं घडलं तसं लिहिते आहे. त्याला काय नाव द्यायचं ते मला कळत नाही.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. मूळचे कोकणातले. बाबा रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते, बदली होऊन नागपूरला आले आणि इथेच राहिले. सदरच्या एका गल्लीत दोन खोल्या. मी त्यांची एकुलती एक. अठ्ठावीस वर्षांपूर्वी मी प्रकाशशी लग्न केलं. तो बौद्ध घरातला. त्याच्या आजोबांनी छप्पन साली इथेच दीक्षा घेतली होती. लग्नानंतर दहा-बारा दिवसांत मला निरोप मिळाला की बाबा माझ्यासाठी सात दिवस बसले. आमच्यात माणूस मेल्यावर त्याची जवळची माणसं सात दिवस घरात जमिनीवर बसतात. मी तेव्हा धरमपेठेत नव्या घरात पडदे लावत होते.

त्या दिवसापासून आम्ही एकाच गावात, पाच-सहा किलोमीटरवर राहिलो आणि बोललो नाही. आई गेली तेव्हा मी गल्लीच्या तोंडाशी उभी होते. बाबा बाहेर आले, माझ्याकडे बघितलं आणि शवपेटीमागून चालू लागले. माझी मुलगी आता सव्वीस वर्षांची आहे. त्यांनी तिला एकदाही पाहिलं नाही. रस्त्यात दोनदा समोर आले होते; दोन्ही वेळा त्यांनी रस्ता ओलांडला. हे सगळं आधी सांगते आहे, कारण असल्या आठवणींत माणसं वडिलांना देव करतात आणि मला ते करायचं नाही.

मंगळवारी सकाळी सहा वाजता शकुनमावशींचा फोन आला. त्या बाबांच्या शेजारी राहतात. मी ज्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते तिथे त्या साखर तपासायला येत, तेव्हा माझा नंबर त्यांनी घेऊन ठेवला होता. म्हणाल्या, "तुहे बाबा रात्रीच गेले वं. डॉक्टर येऊन गेला. तुले सांगू नका म्हणत होते तुमचे लोक, पण मले राहवलं नाही."

तुमचे लोक म्हणजे शालोमकाका. ते नात्याने काका नव्हेत. नागपुरातल्या आमच्या मूठभर घरांत वयाने आणि धर्मज्ञानाने सगळ्यात मोठे, ऐंशी ओलांडलेले. हिब्रू अस्खलित वाचणारे ते एकटेच, त्यामुळे जन्मापासून मरणापर्यंत त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. मी पोचले तेव्हा आत बाबांना अंघोळ घालणं चाललं होतं. पुरुषाला पुरुषच अंघोळ घालतात. कोमट पाणी, मग डोक्यापासून पायापर्यंत अखंड धार, मग बिनगाठीचे पांढरे सुती कपडे, आणि वर त्यांची प्रार्थनेची शाल, जिच्या चार गोंड्यांतला एक कापून टाकतात. श्रीमंताला आणि गरिबाला कपडा तोच, खिसा नसलेला. मी दाराबाहेर बसून पाण्याचा आवाज ऐकत राहिले.

काका बाहेर आले आणि मला म्हणाले, तू दफनभूमीत येऊ नकोस आणि घरीही बसू नकोस, तू आमच्यात नाहीस. आवाज चढवला नाही. त्यांच्यामागे निवृत्त डॉक्टर उभे होते, आमच्यातलेच. ते हळूच म्हणाले की आईबाप, मुलं, भावंडं आणि नवरा-बायको, एवढ्यांसाठी बसणं हा नियम आहे, तो माणसाने लावायचा किंवा काढायचा नाही. आई यहुदी होती म्हणजे ही यहुदीच. काका वळले. आत निघून गेले.

मी गेले. फाटकाशी उभी राहिले, पण गेले. जुन्या दफनभूमीच्या एका कडेला आमच्या लोकांच्या थोड्या कबरी आहेत, आईचीही तिथेच. फावडं एकाने दुसऱ्याच्या हातात द्यायचं नसतं. माती लोटून झाली की ते जमिनीवर ठेवायचं आणि पुढच्याने उचलायचं, म्हणजे दुःख हातोहात पुढे जात नाही. मी दुरून मोजत होते. आमची पाच माणसं होती, बाकी शेजारचे आणि रेल्वेचे जुने लोक. पाचच असल्याने कद्दीश झाला नाही. मृताच्या नावाने म्हणायची ही प्रार्थना एकट्याने म्हणता येत नाही. तेरा वर्षांवरचे दहा यहुदी पुरुष हजर लागतात. नसतील तर ती म्हणायचीच नाही. काकांनी एक स्तोत्र वाचलं, पुस्तक मिटलं आणि हात धुवून सगळे निघाले. पोटच्या मुलाने आपल्यामागे कद्दीश म्हणावा म्हणून आमच्यात माणसं आयुष्यभर मुलाची वाट बघतात. बाबांना मुलगा नव्हता आणि दहा माणसंही मिळाली नाहीत.

बाबांच्या घरी येऊन मी शकुनमावशींकडे कात्री मागितली. आईबापासाठी कपडा डाव्या बाजूला, काळजावर फाडतात. खरं तर मोठ्या माणसाने सुरुवात करून द्यायची असते. मी स्वतःच कुर्त्याच्या गळ्याला कात्री लावली आणि पुढे हाताने फाडत नेलं, आत दुसरा कपडा होता म्हणून बरं. त्या वेळी म्हणायचं वाक्य मला लहानपणापासून पाठ होतं: खरा न्यायाधीश धन्य असो. ते म्हणताना माझ्या तोंडाला कडू चव आली. कसला न्याय, असं मनात आलं आणि ते मी दाबलं नाही.

मग मी बसले. बाबांच्याच घरात बसले, कारण दिवा जिथून माणूस गेला तिथे लावतात. पेल्यात पाणी, वर खोबरेल तेल, त्यात वात. तो सात दिवस विझू द्यायचा नाही. आरसा एकच होता, दाढीचा, तो मी भिंतीकडे तोंड करून ठेवला. गादी काढून सतरंजी टाकली. चामड्याची चप्पल नाही, डोक्याला तेल नाही, कामावर जायचं नाही, घराबाहेर पडायचं नाही. दार उघडं ठेवायचं, येणाऱ्याने टकटक करायची नाही. मातीहून परतल्यावरचं पहिलं जेवण आपल्या घरचं खायचं नसतं, दुसऱ्याने आणून द्यावं लागतं, आणि त्यात गोल पदार्थ असावेत, अंडी किंवा मसूर; दोन्हींना तोंड नसतं, दुःखात बसलेल्यालाही नसतं. हे मला आईने सांगितलेलं. आणून देणारं आमच्यातलं कोणी नव्हतं. डॉक्टरांची बायको आजारी, बाकीचे काकांना भिऊन.

दुपार कलली तशा शकुनमावशी ताट घेऊन आल्या. सोबत आलेल्या प्रकाशने त्यांना काही सांगितलं असेल म्हणून मी त्याच्याकडे बघितलं. त्याने नाही म्हणून मान हलवली. ताटात मसूरची आमटी, भात आणि दोन उकडलेली अंडी होती. "घरात दुसरं काही नव्हतं वं," मावशी म्हणाल्या, "खाऊन घे. उपाशी काहून बसतं?" मी खाल्लं. डोळ्यांत पाणी आलं ते दुःखाचं नव्हतं, रागाचं होतं. माझ्या माणसांना जे माहीत असून केलं नाही ते या बाईने माहीत नसताना केलं होतं.

बुधवार गेला, गुरुवार गेला. रेल्वेतले एकदोन म्हातारे येऊन बसून गेले. आमच्यात नियम आहे की दुखवट्याच्या घरी येणाऱ्याने नमस्कार करायचा नाही, आधी बोलायचंही नाही. बसलेला बोलेल तेव्हा बोलायचं. त्या म्हाताऱ्यांना हे ठाऊक नव्हतं, ते बाबांच्या कडक ड्यूटीचे किस्से सांगत राहिले. मी ऐकत होते. ऐकताना कळत होतं की हा माणूस सगळ्यांशी हसून बोलायचा. एकाला त्यांनी मुलीच्या लग्नात स्वतः वाढायला मदत केली होती. परक्याच्या मुलीच्या लग्नात.

प्रकाश हिंगण्याच्या एका पाइप कारखान्यात मेंटेनन्सला आहे. तो काही दुखवट्यात बसणारा नव्हता, म्हणून कामावर जात होता आणि सुटला की इकडे येत होता. ज्या घरात त्याला कधी कुणी पाणी विचारलं नाही त्या घरात तो येऊन झाडू मारायचा, दिव्यात तेल घालायचा. गुरुवारी त्याने मला विचारलं की दहा माणसं कशी जमतात. मी हिशेब सांगितला. गावात डॉक्टर, स्पेअर पार्टचं दुकान असलेले दोन भाऊ, एक प्राध्यापक, आणि काका. पाच. जास्त नाहीतच. तो दिव्यात तेल घालायला उठला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर त्याने हे कुणाला तरी सांगितलं, एवढंच. तिथे शेजारच्या कारखान्याचा कॅन्टीनवाला उभा होता.

शुक्रवारी भरदुपारी दारात एक उंच, सावळा, चाळिशीचा माणूस आला. बूट बाहेर काढले, आत आला, माझ्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसला आणि बोललाच नाही. मला वाटलं मीटर बघायला आलाय. पाच मिनिटं झाली, दहा झाली. तो खाली मान घालून बसून होता. मग एकदम माझ्या ध्यानात आलं की हा माझी वाट बघतोय. सबंध आठवड्यात तो पहिला माणूस होता ज्याला हा नियम माहीत होता. मी विचारलं, तुम्ही कोण?

"मी योसी," तो म्हणाला. "मी इस्रायलवरनं आली. मशीन लावायला आली हिंगण्यात. तुझा बाप गेला, मी ऐकली."

त्याचे आईवडील लहानपणी अलिबागकडून तिकडे गेलेले. मराठी तो आईकडून शिकला, वडील घरात हिब्रूच बोलायचे, म्हणून तो बाईसारखंच बोलायचा. मला हसू आलं, आणि हसू आल्याची लाज वाटली. त्याने मोडक्या शब्दांत जे सांगितलं ते असं. त्याचे वडील सात महिन्यांपूर्वी गेले होते. आईबापासाठी अकरा महिने रोज कद्दीश म्हणायचा असतो. बारा नाही, कारण पुरतं वर्ष शुद्ध व्हायला लागतं ते दुष्टाच्या आत्म्याला, आणि आपला बाप दुष्ट होता असं कुणी म्हणत नाही. सहा महिने त्याने एक दिवस चुकवला नाही. मग कंपनीने त्याला इथे पाठवलं आणि महिना झाला तो नागपुरात दहा माणसं शोधत होता. रोज सकाळी गेस्ट हाउसच्या पश्चिमेच्या, इस्रायलच्या दिशेच्या भिंतीकडे तोंड करून प्रार्थना करायची आणि कद्दीशची जागा आली की गप्प व्हायचं. कॅन्टीनवाल्याने आज त्याला सांगितलं की सदरमध्ये एका घरात लोक दहा माणसं शोधतायत. त्याच्या टोळीत तो धरून पाच जण होते, सगळे यहुदी.

त्या वेळी माझ्या अंगावर काटा आला की नाही, हे मला आठवत नाही. एवढं आठवतं की मी बोटं मोजली. आमचे पाच, त्यांचे पाच.

संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे आमचा आठवड्याचा पवित्र दिवस, लागला. शब्बाथला उघड दुखवटा पाळत नाहीत. दिवस मोजणीत धरतात, पण फाटका कपडा काढून ठेवायचा, खुर्चीवर बसायचं, शोक आत ठेवायचा. मी धुतलेला कुर्ता घातला, बाबांच्या लाकडी खुर्चीवर बसले आणि दोन मेणबत्त्या लावल्या. शनिवारी तारे दिसल्यावर पुन्हा फाटका कुर्ता घातला आणि खाली बसले. मनाला असं घालता-काढता येतं का, असा प्रश्न मला पडला होता. येतं. तो एक दिवस मी रडले नाही, आणि त्यामुळेच उरलेले दोन दिवस बसू शकले.

डॉक्टरांनी प्राध्यापकाला आणि दोघा भावांना तयार केलं. सोमवार हा सातवा दिवस, कारण मातीचा दिवस पहिला धरतात. सातव्या दिवशी पूर्ण बसायचं नसतं. सकाळच्या प्रार्थनेनंतर थोडा वेळ बसलं की उठायचं. म्हणून सोमवारी सकाळी साडेसहाला सगळ्यांनी यायचं ठरलं, योसीच्या लोकांची कंपनीची बस सव्वाआठला होती. माणसं नऊ झाली. दहावे काका. डॉक्टर त्यांच्याकडे जाऊन आले. काकांनी नाही म्हटलं. मला बाहेर पडता येत नव्हतं, आणि आलं असतं तरी मी त्यांच्या पायरीवर गेले नसते.

रविवारी प्रकाश म्हणाला, "मी जाऊन येतो त्यायच्याकडे." मी नको म्हटलं. ज्या माणसापायी हे सगळं झालं त्याच्या दारात माझ्या नवऱ्याने हात जोडायचे, हे मला सहन होत नव्हतं. तो म्हणाला, "तुह्या बाबाले दहा माणसं पाहिजे ना? मंग मले लाज काहून वाटन?" आणि गेला. तासाभराने परत आला. काकांनी त्याला आत घेतलं नव्हतं. दारातच उभं ठेवून ऐकलं आणि दार लावून घेतलं. होय म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

सोमवारी साडेसहाला नऊ जण आले. योसीने शाल पांघरली, दंडाला आणि कपाळाला प्रार्थनेच्या चामड्याच्या पट्ट्या बांधल्या. खोली एवढीशी, सगळे पश्चिमेकडे तोंड करून दाटीवाटीने उभे. मी आतल्या खोलीच्या दारात सतरंजीवर होते. दहा नसले तरी चालतं तेवढी सुरुवातीची स्तोत्रं त्यांनी म्हणून घेतली आणि थांबले. सात वाजले. सव्वासात झाले. योसीच्या लोकांतला एक जण घड्याळ बघायचा आणि योसी त्याच्याकडे बघायचा. मला आतून वाटत होतं की न येवोत. खरं सांगते, मला तेच हवं होतं. काका आले नाहीत म्हणजे माझा राग माझ्यापाशी राहणार होता, शाबूत.

सात वाजून वीस मिनिटं झाली तेव्हा गल्लीत रिक्षा थांबली. काका काठी टेकत आत आले, बगलेत शालीची मखमली पिशवी. पुढच्यांनी वाट दिली. ते माझ्यासमोर आले आणि खाली बसू लागले. त्या वयात जमिनीवर बसायला त्यांना फार वेळ लागला. डॉक्टर हात द्यायला पुढे झाले तर त्यांनी नको म्हटलं. बसले आणि गप्प राहिले. नियमच तसा होता. मी बोलल्याशिवाय त्यांना बोलता येणार नव्हतं.

मी बोलले नाही. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा त्या माणसाचं तोंड माझ्या हाती होतं. उभी माणसं माझ्याकडे बघत होती, बस येणार होती, आणि मी त्यांच्या काठीकडे बघत बसले. मला बरं वाटत होतं. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग माझी नजर योसीकडे गेली. तो माझ्याकडे बघतच नव्हता. डोळे मिटून, ओठ घट्ट मिटून उभा होता, महिनाभर ज्या जागी येऊन गप्प व्हायचा त्याच जागी. माझ्या रागाची किंमत हा माणूस देत होता, ज्याचा त्यात काही संबंध नव्हता. तेव्हा माझ्या आतलं काहीतरी सुटलं. मी सोडलं असं म्हणवत नाही.

मी विचारलं, "काका, बाबा माझ्यासाठी सात दिवस बसले तेव्हा तुम्ही इथेच होतात ना?"

"होतो," काका म्हणाले. "मीच बसवला त्याला. शास्त्रात नाही ते. जिवंत माणसासाठी बसायचं असं कुठेच लिहिलेलं नाही, मला तेव्हाही ठाऊक होतं." त्यांनी काठी बाजूला ठेवली. "पण तो सात दिवस बसला नाही. मी सदरा फाडायला ब्लेड पुढे केलं तर त्यानं हात मागे घेतला. दिवा लावू दिला नाही. म्हणाला, माझी मुलगी धरमपेठेत आहे. तिसऱ्या दिवशी उठून ड्यूटीवर गेला. सात दिवस झाले असं मी सगळ्यांना सांगितलं. तुलाही मीच कळवलं."

मला वाटतं, कुठल्याही मुलीला हे ऐकून भरून यावं. मला आधी आला तो प्रश्न. मग त्यांनी मला बोलावलं का नाही? अठ्ठावीस वर्षं रस्ता का ओलांडला?

काका खाली बघून म्हणाले, "मी त्याला सांगितलं होतं, ती या घरात आली तर आमच्यातला एकही माणूस तुझ्या मयतीला येणार नाही. कद्दीशला दहा मिळणार नाहीत. तेव्हा गावात आमची वीसेक माणसं होती. तो भ्याला."

म्हणजे बाबांनी निवड केली होती. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला मेल्यानंतरची दहा माणसं. त्यांनी दहा माणसं निवडली. मग ती माणसं एकेक करून मुंबईला, इस्रायलला, मातीत निघून गेली, आणि बाबांच्या वेळेला पाच उरली. काकांनी धाक घातला नसता तरी पाचच उरली असती. हे सगळं मला एका क्षणात दिसलं आणि त्या वेळी मला बाबांची कीव आली आणि रागही आला, आधी कधी आला नव्हता इतका. दोन्ही एकत्रच.

काकांनी माझी माफी मागितली नाही. मागितली असती तर मी काय म्हणाले असते ठाऊक नाही. ते काठीवर जोर देऊन उठले, शाल पांघरली, पट्ट्या बांधल्या आणि नऊ माणसांत जाऊन उभे राहिले. दहा झाले.

प्रार्थना पुढे सरकली. शेवटी कद्दीशची वेळ आली तेव्हा योसी मागे वळून म्हणाला, "मी म्हणते. तू पण म्हण. माझ्या मागे." आमच्याकडे मुलीने कद्दीश म्हणायची पद्धत नाही. सगळ्यांनी काकांकडे बघितलं. काका भिंतीकडे तोंड करून होते, वळले नाहीत. मी उठून उंबऱ्यावर उभी राहिले.

यितगदल वेयितकदश शेमे रब्बा. त्याचं महान नाव थोर आणि पवित्र मानलं जावो. अरामी भाषेतले शब्द. त्यांत मृताचं नाव नाही, मरणाचा उल्लेख नाही, दुःखाबद्दल एक अक्षर नाही. फक्त त्याची स्तुती, त्याने आपल्या इच्छेप्रमाणे घडवलेल्या जगात. लहानपणी मला वाटायचं की ज्याने आपला माणूस नेला त्याचीच स्तुती करायला लावणं हा दुष्टपणा आहे. त्या सकाळीही वाटलं. तरी मी म्हणत गेले, योसीच्या एक शब्द मागे, अडखळत. मधे सगळ्यांनी मिळून उत्तर द्यायचं असतं, की त्याचं महान नाव सदासर्वकाळ धन्य असो. त्या नऊ आवाजांत काकांचा फाटका आवाज मला वेगळा ऐकू आला. तेव्हा मला समजलं की दहा का लागतात. एकटीने मी हे वाक्य कधीच म्हटलं नसतं. माझ्या तोंडून ते खरं झालं नसतं. दुसरे म्हणतात म्हणून माणूस म्हणतो, आणि दुसऱ्यांत आवडता-नावडता निवडता येत नाही.

अखेरीस तीन पावलं मागे घेऊन डावीकडे, उजवीकडे आणि समोर वाकतात आणि जो उंच आकाशात शांती करतो तो आमच्यावरही करो असं म्हणतात. मी तीन पावलं मागे गेले तर प्रकाशच्या अंगावर आदळले. तो स्वयंपाकाच्या ओट्याशी, रुमाल डोक्याला बांधून उभा होता.

मग काकांनी बाबांच्या नावाची शांतीची प्रार्थना म्हटली, आरोनचा मुलगा शिमोन, शिमोन बेन आरोन, आणि त्यात आईचंही नाव घेतलं. मी पुन्हा बसले, काही मिनिटंच. डॉक्टर म्हणाले, आता ऊठ. बाहेर पडताना एकेकाने तेच वाक्य म्हटलं, मिन हाशामायिम तेनुहामू, स्वर्गातून तुम्हांला सांत्वन मिळो. काकांनीही म्हटलं. मी मान हलवली, एवढंच. त्यांना मी क्षमा केली असं इथे लिहिलं तर ते खोटं होईल.

सात दिवसांनंतर घराबाहेर पडून थोडं चालायचं असतं. प्रकाश आणि मी गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. दुकानांची शटरं उघडत होती. योसीची बस समोरून गेली. तो खिडकीत बसला होता आणि पट्ट्यांचे वळ अजून त्याच्या दंडावर होते.

तीस दिवसांनी योसीचं काम संपलं. त्याने सांगितलं की त्याच्या वडिलांचे अकरा महिने पुरे झाले तरी तो थांबणार नाही, बाबांचे पुरे होईपर्यंत त्यांच्यासाठीही म्हणेल. त्याने शब्द पाळला. दर आठवड्याला एक ओळ यायची: आज पण म्हटली. ती शेवटची ओळ गेल्या महिन्यात आली.

मी त्या दिवसांबद्दल कृतज्ञ आहे. ते आनंदाचे नव्हते. मला बाप परत मिळाला नाही. मिळालं ते एवढंच की त्याने सदरा फाडला नव्हता आणि तरी मला बोलावलं नव्हतं. हे दोन्ही मला एकदम घेऊन चालावं लागतं. पण मी ज्याच्याशी बोलायचं सोडलं होतं त्याने मला दहा माणसं पाठवली. पाच परदेशातून, चार भीतीतून बाहेर काढून, आणि एक असा की जो मी मरेपर्यंत मागितला नसता. माणसं कुठली असावीत हे ठरवायचं काम माझं नाही, एवढं मी शिकले. अजून रोज जमत नाही. सकाळी लॅबला निघण्याआधी मी एकटी एक स्तोत्र म्हणते, कारण एकटीला तेवढंच म्हणता येतं, आणि मग दार उघडून बाहेर पडते.